असंतुलित प्रवाहाचे तीन घटक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तीन फेजांच्या वीजपुरवठ्यात तिन्ही प्रवाह सारख्या मापाचे आणि एकमेकांपासून १२० अंशांच्या अंतरावर असले, म्हणजे एका फेजचा हिशेब मांडून उरलेल्या दोहोंचा तोच समजावा, अशी सोय असते. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात ही सोय क्वचितच लाभते. कुठे एका फेजवर घरगुती जोडण्यांची गर्दी होते, कुठे एखादी तार जमिनीला टेकते, कुठे फ्यूज वितळतो, आणि तिन्ही प्रवाह मापाने व कोनाने परस्परांशी फटकून वागू लागतात. अशा प्रवाहांचा न्याय कसा करावा, याची पद्धत वेस्टिंगहाऊस कंपनीतील अभियंते सी. एल. फोर्टेस्क्यू यांनी १९१८ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनियर्सपुढे वाचलेल्या प्रदीर्घ निबंधात मांडली. कोणतेही तीन असंतुलित प्रवाह हे तीन सुव्यवस्थित संचांची बेरीज असतात, हे तिचे सार. पहिल्या संचातील प्रवाह समान आणि आर-वाय-बी या नेहमीच्या क्रमाने येणारे. तो धन क्रम. दुसऱ्यातील प्रवाहही समानच, पण आर-बी-वाय या क्रमाने येणारे. तो ऋण क्रम. तिसऱ्यातील तिन्ही प्रवाह मापाने समान आणि एकाच क्षणी एकाच दिशेला असणारे; तो शून्य क्रम.

ही पद्धत सर्वमान्य असली, तरी तिच्याविषयी काही गैरसमज शिकाऊ विद्यार्थ्यांपासून अनुभवी तंत्रज्ञांपर्यंत आढळतात. त्यांचे निराकरण करण्यापूर्वी एक उदाहरण सोडवून ठेवणे इष्ट, कारण पुढील सर्व चर्चेला त्याचाच आधार घ्यावयाचा आहे.

११ किलोव्होल्टचा पुरवठा घेऊन ४३३ व्होल्टने वस्तीला वीज देणारे एक रोहित्र घ्या. वस्तीकडील बाजूस आर फेजमध्ये ९०, वाय फेजमध्ये ६० आणि बी फेजमध्ये ३० अँपिअर प्रवाह आहे. भार केवळ दिव्यांसारखा, म्हणजे प्रत्येक प्रवाह आपापल्या व्होल्टतेशी समकोनी आहे, असे धरू. सबब आरचा कोन ०, वायचा उणे १२० आणि बीचा अधिक १२० अंश. एखाद्या सदिशाला a ने गुणणे म्हणजे त्याला १२० अंश पुढे फिरविणे आणि a² ने गुणणे म्हणजे २४० अंश पुढे फिरविणे, एवढा संकेत ध्यानात ठेवला, की तिन्ही सूत्रे सहज उमजतात :

I1 = (IR + a·IY + a²·IB) / 3

I2 = (IR + a²·IY + a·IB) / 3

I0 = (IR + IY + IB) / 3

पहिल्या सूत्रात वायला १२० आणि बीला २४० अंश फिरवून तिघांना आरच्या रेषेवर आणले जाते. प्रवाह योग्य क्रमाने येत असल्याने ते तिथे एका रेषेत उभे राहतात, आणि धन क्रमाचा घटक ९०, ६० व ३० यांच्या बेरजेचा तृतीयांश, म्हणजे ६० अँपिअर ठरतो. दुसऱ्या सूत्रात हेच फिरविणे अदलाबदलीने होते. ९० अँपिअर शून्य अंशावर, ६० अँपिअर १२० अंशांवर आणि ३० अँपिअर २४० अंशांवर अशी बेरीज केली, तर आडवा भाग ९० उणे ३० उणे १५, म्हणजे ४५, आणि उभा भाग सुमारे २६ येतो. तिनाने भागल्यावर १५ आणि ८.६६ उरतात; त्यांचे मिळून १७.३२ अँपिअर, ३० अंश कोनावर. तिसऱ्या सूत्रात काहीच न फिरविता बेरीज करावयाची. आडवा भाग तोच ४५, पण उभा भाग उणे २६, आणि म्हणून शून्य क्रमाचा घटकही १७.३२ अँपिअर, मात्र उणे ३० अंशांवर.

ताळा पाहणे अवश्य आहे. आर फेजमध्ये ६०, १५ आणि १५ यांची बेरीज ९० होते आणि उभे भाग परस्परांना रद्द करतात. वाय फेजमध्ये धन घटक उणे १२० अंशांवर ६० अँपिअर असतो. ऋण घटक १५० अंशांवर आणि शून्य घटक उणे ३० अंशांवर, म्हणजे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आणि सारख्या मापाचे असल्याने ते परस्परांत विरून जातात. बी फेजमध्ये हे दोन घटक मिळून उणे ६० अंशांवर ३० अँपिअर होतात आणि १२० अंशांवरच्या ६० मधून तेवढे वजा होऊन ३० अँपिअर उरतात. हिशेब चोख उतरला.

गैरसमज पहिला : हे घटक केवळ कागदावरचे आहेत, तारेत त्यांचे अस्तित्व नाही.

तारेत तीन निरनिराळे प्रवाह शेजारी शेजारी वाहत नसतात, आणि अँमीटरला दिसते ती बेरीजच, इतपत हे म्हणणे खरे आहे. उदाहरणातील वाय फेजला लावलेला अँमीटर ६० अँपिअर, म्हणजे निखळ धन क्रमाइतकाच आकडा दाखवील, आणि केवळ त्यावर विसंबणाऱ्यास असंतुलनाची शंकाही येणार नाही. परंतु यंत्रे या घटकांना निरनिराळी वागणूक देतात, आणि तोच त्यांच्या वस्तुनिष्ठतेचा दाखला होय. धन क्रम मोटरीत तिच्या फिरण्याच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र फिरवितो, ऋण क्रम उलट दिशेने फिरवितो, शून्य क्रम कोणतेही फिरते क्षेत्र निर्माण करीत नाही. प्रत्येक घटकाला मिळणारा अवरोध वेगळा असल्याने प्रत्येकाचा हिशेबही वेगळा मांडावा लागतो, आणि हा वेगळेपणा नोंदणारे रिले प्रत्यक्ष वापरात आहेत.

गैरसमज दुसरा : ऋण क्रम म्हणजे भाराकडून उगमाकडे उलट वाहणारा प्रवाह.

येथे ऋण आहे तो क्रम; प्रवाहाची दिशा नव्हे. ऋण क्रमाचे तिन्ही प्रवाह पन्नास आवर्तनांचेच असतात आणि त्यांचे मापही धनच असते. फरक इतकाच, की शिखरावर आरनंतर वाय न येता बी येतो. या एवढ्याशा फरकाचा परिणाम मात्र मोटरीच्या फिरत्या भागाला फार जड जातो. मिनिटाला १५०० फेऱ्यांचे क्षेत्र असलेली मोटर १४४० फेऱ्यांनी फिरत असेल, तर धन क्रमाच्या क्षेत्रामुळे तिच्या फिरत्या भागात सेकंदाला अवघी २ आवर्तने उद्भवतात. परंतु उलट फिरणाऱ्या क्षेत्राशी तिची गाठ २९४० फेऱ्यांच्या सापेक्ष वेगाने पडते आणि ९८ आवर्तनांचा प्रवाह उद्भवतो. इतक्या आवर्तनांना प्रवाह फिरत्या भागातील सळ्यांच्या पृष्ठभागाकडे लोटला जातो, रोध वाढतो आणि उष्णता साठू लागते. शिवाय ऋण क्रमाला मोटर जवळजवळ थांबलेल्या मोटरीइतकाच अल्प अवरोध दाखविते. सुरू होताना नेहमीच्या सहापट प्रवाह घेणाऱ्या मोटरीस व्होल्टतेतील ५ टक्के ऋण क्रमही सुमारे ३० टक्के ऋण प्रवाह देऊन जातो.

गैरसमज तिसरा : न्यूट्रलमध्ये प्रवाह नसेल, तर पुरवठा संतुलित आहे.

न्यूट्रलचा प्रवाह हा फक्त शून्य क्रमाचा साक्षीदार आहे. तिन्ही फेजांचे शून्य घटक एकाच दिशेचे असल्याने त्यांची तिप्पट न्यूट्रलमधून परतते. आपल्या उदाहरणात १७.३२ ची तिप्पट, म्हणजे सुमारे ५२ अँपिअर. ऋण क्रमाची बेरीज मात्र स्वभावतःच शून्य असल्याने न्यूट्रलला त्याची वार्ताही नसते.

याचे निखळ उदाहरण म्हणजे शेतावरील पंपाच्या तीन तारांच्या मोटरीचा आर फेजचा फ्यूज जाणे. आरमध्ये प्रवाह शून्य, वायमध्ये १० अँपिअर आणि बीमध्ये तेच १० अँपिअर परतीचे. बेरीज शून्य असल्याने शून्य क्रम नाही. पण सूत्रांत आकडे घातले, तर धन क्रम ५.७७ अँपिअर आणि ऋण क्रमही ५.७७ अँपिअरच येतो. असंतुलनाची ही परिसीमाच. थांबलेल्या मोटरीत दोन्ही विरुद्ध क्षेत्रे समबल असल्यामुळे ती नुसती घुमते, फिरत नाही. चालती असेल, तर कण्हत चालत राहते आणि तापते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर अनेकदा या ऋण क्रमावरच नजर ठेवतो. त्यातही व्होल्टतेवरून पारख करणारे उपकरण चालती मोटर फसवू शकते, कारण तुटलेल्या फेजवर ती स्वतःच व्होल्टता निर्माण करते. प्रवाहावरून पारख करणारे सहसा फसत नाही.

गैरसमज चौथा : शून्य क्रम सर्वत्र सारखाच पसरतो.

शून्य क्रमाला परतीची वाट लागते. ती नसेल, तेथे तो मुळीच वाहत नाही. आपल्या रोहित्राची ११ किलोव्होल्टची बाजू डेल्टा आणि वस्तीकडील बाजू स्टार आहे, असे धरू. बहुतेक वितरण रोहित्रे अशीच असतात. वस्तीकडील शून्य क्रमाला प्रत्युत्तर देणारा प्रवाह डेल्टाच्या आत गोल फिरत राहतो. बाहेरच्या तीन तारांत तो येतच नाही. ऋण क्रम मात्र रोहित्र ओलांडून वर जातो. म्हणूनच वस्तीतील अर्थ फॉल्टची दखल वरच्या बाजूच्या अर्थ फॉल्ट रिलेने घ्यावी, ही अपेक्षा व्यर्थ होय.

गैरसमज पाचवा : तीन अँमीटरांचे आकडे मिळाले, की घटक काढता येतात.

तीन तारांच्या पुरवठ्यात हे चालते, कारण बेरीज शून्य असल्याने तिन्ही प्रवाहांचा त्रिकोण मिटतो, त्याच्या बाजूंवरून कोन निघतात, आणि नेहमीच्या भारात धन क्रम मोठा असल्याने कोणता घटक कोणता हेही ठरते. न्यूट्रल असलेल्या पुरवठ्यात मात्र कोन मोजल्यावाचून गत्यंतर नाही. सरासरीपासून सर्वाधिक फरकाची टक्केवारी काढण्याचा दस्तूर आपल्या उदाहरणात ५० टक्के असंतुलन सांगतो, तर ऋण क्रमाचे धन क्रमाशी प्रमाण अवघे २९ टक्के आहे. मोटरीची धास्ती दुसऱ्या आकड्यावरून करावी, न्यूट्रलच्या तारेची शून्य क्रमावरून. आणखी एक मर्यादा अशी, की हा सारा हिशेब एका वेळी एकाच आवर्तनाचा असतो. संगणकांसारख्या भारातून उद्भवणारे तिप्पट आवर्तनांचे प्रवाह, तिन्ही फेज समान असले तरी, शून्य क्रमासारखे न्यूट्रलमध्ये एकवटतात. त्यांना असंतुलन समजून जोडण्या हलविल्याने काही साधत नाही.

अखेर आपल्या वस्तीकडे वळू. आरवरील ३० अँपिअरच्या जोडण्या बीवर नेल्या, तर तिन्ही फेजांत ६० अँपिअर होतात. धन क्रम ६० चा ६० च राहतो, ऋण आणि शून्य दोन्ही नाहीसे होतात, आणि ग्राहकांना मिळणारी वीज तीच राहते. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. न्यूट्रलची तार फेजच्या तारेइतक्याच जाडीची असेल, तर पूर्वीच्या चार तारांतील नुकसानी आणि नव्या मांडणीतील नुकसानी यांचे प्रमाण १५,३०० ला १०,८०० असे येते; म्हणजे त्याच सेवेसाठी असंतुलित पुरवठा सुमारे ४२ टक्के अधिक वीज वाटेतच जाळीत होता.