प्रयोगशाळेचे गणित : लेखांक ७
मर्यादेत आहे, पण सरकते आहे

मागच्या लेखात आपण सरासरी आणि प्रमाण विचलन (एसडी) पाहिले. आज ते पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज सकाळी कसे वापरतात ते पाहू. पेशंटचे नमुने लावण्याआधी लॅबमध्ये ‘कंट्रोल’ लावतात. कंट्रोल म्हणजे एकाच लॉटचा, महिनोन्‌महिने तसाच राहणारा सीरमचा नमुना. त्यातली साखर बदलत नाही, म्हणून आकडा बदललाच तर तो मोजणीमुळे बदलला असे समजायचे.

समजा, ग्लुकोजच्या कंट्रोलची या लॅबमधली सरासरी 120 मिलिग्रॅम आणि एसडी 2.4 आहे. आलेखावर मध्यरेषा 120 वर, दोन एसडीच्या रेषा 115.2 आणि 124.8 वर, तर तीन एसडीच्या 112.8 आणि 127.2 वर येतात. रोजचा आकडा त्यावर टिंबाने मांडायचा. 1924 मध्ये वॉल्टर श्यूहार्ट यांनी कारखान्यातल्या मालासाठी असा तक्ता सुचवला आणि 1950 मध्ये लेव्ही व जेनिंग्ज यांनी तो वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला.

आता हे नऊ दिवस बघा : 119, 121, 120, 122, 121, 123, 123, 124, 123. एकही टिंब दोन एसडीबाहेर नाही. रजिस्टरमध्ये रोज ‘ओके’ लिहिले गेले असणार. पण शेवटची चार टिंबे 122.4 च्या, म्हणजे अधिक एक एसडीच्या वर आहेत. मोजणी ठीक असताना एखादा आकडा तिथे जाणे नवलाचे नाही. शंभरात सोळा वेळा तो जातो. सलग चार जाण्याची शक्यता मात्र साधारण दीड हजारात एक आहे. जेम्स वेस्टगार्ड यांनी 1981 मध्ये मांडलेल्या नियमांत म्हणूनच ‘सलग चार, एका बाजूला, एक एसडीपलीकडे’ हा इशारा आहे. सलग दहा टिंबे मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडली तरी तोच अर्थ.

इथे पुष्कळ ठिकाणी एक चूक होते : कंट्रोलच्या किटमधल्या पत्रकावरची मर्यादा तशीच वापरली जाते. ती अनेक लॅब आणि अनेक यंत्रे धरून काढलेली असल्याने रुंद असते. ती 108 ते 132 असेल, तर वरचा सरकता आकडा कधीच डोळ्यांत भरणार नाही. मर्यादा आपल्याच लॅबच्या आकड्यांवरून काढायची.

इशारा मिळाला की कंट्रोल पुन्हापुन्हा लावून एकदाचा 121 आला म्हणून पुढे जाऊ नये. आधी नवी बाटली उघडावी. तिचा आकडा 120 आला, तर जुन्या बाटलीतले पाणी उडून सीरम दाट झाले असावे, यंत्र निर्दोष. नव्या बाटलीनेही 123 दाखवले, तर दोष मोजणीत.

मग वरच्या पातळीचा कंट्रोल बघावा. त्याची सरासरी 280 आहे आणि गेल्या चार दिवसांची सरासरी 283 आली, असे धरू. दोष कॅलिब्रेशनच्या गुणकाचा असता, तर तिथे वाढ साडेसातच्या आसपास असती. दोन्हीकडे तीनचीच वाढ आहे, म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठरावीक भर पडते आहे. संशय रिएजंटवर जातो. ग्लुकोजचा रिएजंट उजेडाने, हवेने हळूहळू आपोआप गुलाबी होतो आणि ‘ब्लँक’ची जुनी नोंद तशीच राहिली, तर तो रंग पेशंटच्या साखरेत मोजला जातो. ताजा रिएजंट घेऊन ब्लँक आणि कॅलिब्रेशन नव्याने केल्यावर दोन्ही कंट्रोल आपापल्या सरासरीवर आले, तर निदान पक्के.

तीन मिलिग्रॅमने काय होते? उपाशीपोटी 126 ही मधुमेहाची रेषा. ज्याची साखर खरी 124 आहे, त्याचा रिपोर्ट 127 येतो.

कोणत्याही आकड्याला अनिश्चितता असतेच. आपल्या रोजच्या चढउताराचे 2.4 आणि कॅलिब्रेटरच्या किमतीतली समजा 1.2, यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सुमारे 2.7 येते. त्याच्या दुपटीने 120 चा आकडा ‘120 अधिक-उणे 5’ असा वाचायचा. म्हणजे 124 आणि 127 या दोन रिपोर्टांत फरक आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. पण ही अनिश्चितता कधी वर, कधी खाली अशी पसरते. सरकलेली मोजणी मात्र सगळ्यांना एकाच दिशेने ढकलते आणि दहा नमुन्यांची सरासरी काढली तरी ती जात नाही. म्हणून ‘अधिक-उणे पाचमध्ये बसते’ ही सबब सरकलेल्या मोजणीला चालत नाही.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी आज एवढेच करावे : कंट्रोलचे मागचे वीस आकडे काढून, ‘ओके’ बाजूला ठेवून, त्यांचा क्रम पाहावा.