चौदा दिवसांचा एक आलेख

दंडावरच्या सेन्सरच्या अहवालात चौदा दिवसांची साखर एकाच चोवीस तासांच्या आलेखावर मांडलेली असते. आधी पाहा, किमान ७० टक्के वेळेची नोंद आहे का. त्याहून कमी असेल तर निष्कर्ष काढू नका.

मग ७० ते १८० या पट्ट्यातला वेळ बघा. बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांहून जास्त आणि ७० खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा.

आता आलेख. मधली ठळक रेघ म्हणजे मध्यक. तिच्याभोवतीच्या गडद पट्ट्यात मधल्या निम्म्या नोंदी असतात, तर फिकट पट्ट्यात जवळजवळ सगळ्या.

समजा, रात्री इन्सुलिन घेणाऱ्या एका बाईंची रेघ सकाळी दहाला २२० वर जाते आणि तिथला गडद पट्टा अरुंद आहे. म्हणजे हे जवळपास रोज घडतं. कारण नाश्त्यात किंवा त्या वेळच्या औषधात शोधावं. पट्टा रुंद असता, तर दिवसागणिक काय बदलतं ते शोधावं लागलं असतं.

पहाटे तीनला रेघ ११० वर आहे, पण फिकट पट्ट्याची खालची कड ५८ ला टेकते. म्हणजे काही रात्री साखर घसरते. त्या रात्री रोजच्या आलेखांत शोधाव्यात: जेवण कमी झालं होतं का? सेन्सरवर झोपल्यानेही आकडा खोटा, अचानक पडतो आणि लगेच सावरतो. शंका आल्यास बोटातून रक्त तपासावं.

घसरण खरी असेल, तर डॉक्टरांशी बोलून आधी ती थांबवायची, नाश्त्यानंतरची चढण त्यानंतर.