ताणा रेशमाचा, बाणा कशाचा?

येवल्यातल्या पैठणीच्या दुकानांत अजूनही गादीवर बसून साड्या बघायची पद्धत आहे. अशाच एका दुकानात सिन्नरची एक मुलगी मावशीला घेऊन आली होती. भावाचं लग्न, आयुष्यातली पहिली पैठणी आणि ती स्वतःच्या पगारातून. मालकांनी दोन-चार साड्या उलगडल्यावर तिने सरळ विचारलं, "काका, यातली प्युअर कुठली हे मला कसं कळणार? तुम्ही सांगाल ते खरं मानायचं का?"

काका हसले. "मानू नका. हात धुऊन, कोरडे करून या."

ती येईपर्यंत त्यांनी गादीवर तीन साड्या मांडल्या. तिन्ही डाळिंबी रंगाच्या, तिन्हींच्या काठापदरावर जर. किमतीच्या चिठ्ठ्या त्यांनी आत दुमडून ठेवल्या.

"आता जरीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. गिऱ्हाईक आधी पदर चाचपतं, पण तिथे बोटाला धातूच लागतो, रेशीम नाही. हात लावायचा तो साडीच्या अंगाला, जिथे बुट्टीसुद्धा नाही अशा साध्या जागी. कापड अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये धरायचं आणि हलकेच चोळायचं.

पहिली साडी चोळताना बोट किंचित अडतंय असं तिला वाटलं. कापड मऊ होतं, पण घसरत नव्हतं, आणि चार-सहा वेळा चोळल्यावर बोटांत ऊब आली. दुसरीवर बोट सरसर निसटत होतं. तिसरी मऊ, गार आणि जराशी जड लागली. तिला तिसरीच जास्त आवडली. "हीच प्युअर असणार," ती म्हणाली. काका काहीच बोलले नाहीत.

आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम धागा. बाजारात तो मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो. एक पॉलिएस्टर, हे एक प्रकारचं प्लास्टिकच. दुसरा व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून काढलेला. दोन्ही बोटाला अगदी वेगवेगळे लागतात, त्यामुळे ‘नकली रेशीम असं लागतं’ असा एकच नियम सांगता येत नाही. पॉलिएस्टर हवेतला ओलावा जवळजवळ शोषतच नाही, म्हणून ते निसटतं आणि घामेजल्या हाताला चिकट लागतं. व्हिस्कोस मात्र ओलावा भरपूर धरतं, गार आणि मऊ लागतं, आणि नवख्या माणसाला तेच फसवतं. चमकेवर तर भिस्त ठेवूच नये. कोशातून निघणारा रेशमाचा तंतू गोल नसतो, साधारण त्रिकोणी असतो, आणि त्याची झळाळी त्यातून येते. पण आता पॉलिएस्टरचे तंतूही त्रिकोणी आकाराचे काढतात.

उबेच्या खुणेलाही मर्यादा आहे. एसीच्या दुकानात सगळीच कापडं गार लागतात. म्हणून एकटी साडी चोळून निकाल देऊ नये, एकाच गादीवरच्या दोन साड्या शेजारी ठेवून ताडून बघाव्या. करकर आवाजाचंही तसंच. रेशीम चुरगळलं की करकरतं असं बायका सांगतात. ते खोटं नाही, पण तो आवाज रेशमावर सौम्य आम्लाची प्रक्रिया केल्यावर येतो. ती केली नसेल तर शंभर टक्के रेशीमही गप्प राहतं.

"आता मूठ," काका म्हणाले. प्रत्येक साडीचं अंग मुठीत घट्ट धरून तीसपर्यंत आकडे मोजायचे आणि सोडायचं. पहिलीवर सौम्य घड्या पडल्या आणि हाताने सारल्यावर बऱ्याचशा निघाल्या. दुसरी उसळून पूर्ववत झाली, जणू कुणी धरलीच नव्हती. तिसरीवर मात्र धारदार चुण्या पडल्या आणि तशाच राहिल्या. आवडलेल्या साडीकडे ती आता जरा संशयाने बघू लागली.

"पण काका, त्या दुसऱ्या दुकानात त्यांनी दोरा जाळून दाखवला होता. केस जळल्यासारखा वास आला. मग ते तर खरंच ना?"

"कुठला दोरा जाळला?"

"पदराच्या टोकाला सुटे असतात ना, त्यातला."

इथे काका सरसावून बसले. साडी मागावर विणताना लांबीच्या दिशेने जातो तो ताणा आणि आडवा भरतात तो बाणा. पदराच्या टोकाला लोंबणारे सुटे दोरे सगळे ताण्याचे असतात. ते जाळून दाखवले तर ताणा रेशमाचा आहे एवढंच कळतं, बाण्याबद्दल काहीच कळत नाही. आणि साडीचं जवळपास अर्धं अंग बाण्याचं असतं. ताणा रेशमी आणि बाणा आर्ट सिल्कचा असं कापड विणता येतं, स्वस्तात विकता येतं आणि ताण्याचा दोरा जाळून ‘प्युअर’ म्हणून खपवताही येतं. सेमी म्हणून सांगून विकलं तर त्यात गैर काही नाही.

त्यांनी तिसऱ्या साडीच्या ब्लाउजपीसकडचं टोक घेतलं. विणकाम जिथे संपतं तिथला अगदी कडेचा आडवा दोरा सुईच्या टोकाने सोडवला आणि वीतभर ओढून काढला. "हा बाणा. कोरडा ओढा." तिने ओढला, बराच ताण दिल्यावर तुटला. "आता दुसरा घ्या, बरोबर मध्यावर थुंकी लावा, आणि ओढा." दोरा ओल्या जागीच पटकन सुटला, जवळजवळ जोर न लावता.

व्हिस्कोस भिजलं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. रेशमाची थोडीशीच घटते. पहिल्या साडीचा बाण्याचा दोरा तसाच ओला करून ओढला, तेव्हा ओल्या जागेने काही वेगळी कमजोरी दाखवली नाही. दुसरीचा दोरा पॉलिएस्टरचा, त्याला ओलं-कोरडं सारखंच. तो बोटाला काचला, पण तुटेना.

मग काडेपेटी निघाली, तीही बाण्याच्या दोऱ्यांसाठी. पहिलीचा दोरा सावकाश जळला, ज्योत बाजूला घेताच विझला, केस जळल्याचा वास आला आणि काळी राख चिमटीत भुगा झाली. दुसरीचा वितळून कडक मणी झाला. तिसरीचा कागदासारखा भरभर जळून गेला. त्याच तिसरीच्या ताण्याचा दोरा पेटवला, तर त्याला मात्र केसांचाच वास.

"म्हणजे तुम्ही चांगली वाटली म्हणालात ती अर्धी खरी होती," काका म्हणाले.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "आणि दुकानदाराने दोरा काढूच दिला नाही तर?" प्रश्न रास्त होता. प्रत्येक साडीची कडा उसवत बसणं कुठल्याच दुकानाला परवडत नाही. अशा वेळी सिल्क मार्कचं लेबल बघावं. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ते 2004 पासून दिलं जातं आणि रेशमाच्या शुद्धतेची हमी देतं. साडी हातमागाची आहे का, जर कसली आहे, याबद्दल मात्र ते काही सांगत नाही. ते प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

मुलीने पहिली साडी घेतली. मावशींनी दुसरी, पॉलिएस्टरची, रोजच्या हळदीकुंकवाला बरी म्हणून, पॉलिएस्टरच्याच भावात. बिल करताना काकांनी नुसतं ‘पैठणी’ लिहिलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, ताणा-बाणा दोन्ही प्युअर सिल्क, असं लिहा ना."

त्यांनी लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाले, "जरीचं नाही विचारलंत. ही टेस्टेड जर आहे, चांदीची नव्हे." आणि तेही खाली लिहून सही केली.