पाऊस नाही, तरी पत्रा गळतो

थंडीतल्या निरभ्र पहाटे गोठ्यातल्या पत्र्यावरून पाणी टपकतं. लोक स्क्रूचे वॉशर बदलतात, पण गळती थांबत नाही, कारण ते पाणी बाहेरचं नसतंच.

ढग नसले की पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. गोठ्यातली हवा 20 अंश आणि आर्द्रता 80 टक्के धरली, तर पत्रा साडेसोळा अंशांखाली जाताच त्याला आतून दव धरतं. जनावरांच्या श्वासाची वाफ त्यात भर घालते. थेंब उतारावरून घरंगळतात आणि आडव्या पाइपाला अडून खाली पडतात.

यावर उपाय म्हणजे कारखान्यातच पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटवलेलं पॉलिस्टरचं फेल्ट. ते दव थांबवत नाही, पाणी तंतूंत धरून ठेवतं आणि दिवसा वाऱ्याने सुकतं. म्हणून वारा खेळायला मोकळी जागा हवीच. ती नसेल तर फेल्ट सुकत नाही, भरतं आणि पुन्हा गळतं. वळचणीच्या कडेला फेल्टची पट्टी जाळून किंवा वार्निशने बंद करावी लागते, नाहीतर पावसाचं पाणी ते आत ओढतं. बसवणारे नेमकं हेच विसरतात.