एकाच वर्गणीच्या दोन किमती

2023 साली अमेरिकेत यूट्यूब प्रीमियमची महिन्याची वर्गणी वेबसाइटवरून भरली तर 13.99 डॉलर पडायची. आयफोनच्या ॲपमधून घेतली तर 18.99. व्हिडिओ तेच, खातंही तेच. मग वरचे पाच डॉलर कशाचे?

ॲपमध्ये सुरू झालेल्या वर्गणीवर ॲपल पहिल्या वर्षी 30 टक्के कमिशन घेतं. 18.99 मधून 5.70 गेले की उरतात 13.29. वेबसाइटवर कार्डाने पैसे घेणाऱ्या पेमेंट कंपन्यांचा अमेरिकेतला सर्वसाधारण दर 2.9 टक्के अधिक 30 सेंट. तो धरला तर 13.99 मधून 71 सेंट जाऊन 13.28 हाती येतात. फरक एका सेंटचा! ॲपचं कमिशन थेट ग्राहकाच्या माथी मारलेलं आहे, आणि बहुतेक ग्राहकांना त्याचा पत्ताही नसतो. हे मला अन्यायाचं वाटतं. ‘वेबसाइटवर स्वस्त मिळेल’ असं ॲपमध्ये सांगायलाही ॲपलची अनेक वर्षं मनाई होती. अमेरिकेत ती न्यायालयाने मोडून काढली.

किंमत न वाढवता 13.99 च ठेवली असती, तर ॲपमधून दरमहा 9.79 डॉलरच मिळाले असते. सलग वर्षभर पैसे भरणाऱ्या ग्राहकावरचं कमिशन पुढे 15 टक्क्यांवर येतं आणि हाती 11.89 पडतात. पण मध्ये साठ दिवसांहून जास्त खंड पडला, की वर्षाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मासिक वर्गणीदार तर बरेचदा वर्ष भरायच्या आतच गळतात, त्यामुळे हिशेब मांडताना सरसकट 15 टक्के धरणं धोक्याचं.

तरी सगळे ॲपबाहेर का पडत नाहीत? कारण आयफोनवर चेहरा दाखवला की खरेदी होते. वेबसाइटवर कार्डाचा नंबर भरावा लागतो आणि तिथे माणसं मागे फिरतात. ॲपमध्ये शंभर जणांनी वर्गणी भरली तर पहिल्या महिन्यात 979 डॉलर येतात. तेवढेच वेबवरून मिळवायला 74 जण पुरतात. म्हणजे वेबकडे वळवताना शंभरातले 26 गळाले तरी नुकसान नाही. त्याहून जास्त गळाले, तर कमिशन देणंच परवडतं. वार्षिक कमाई दहा लाख डॉलरच्या आत असलेल्यांना ॲपल पहिल्या दिवसापासून 15 टक्के लावतं. त्यांनी दहाच जण गमावलेले चालतात.

वर्गणी फार लहान असेल तर पारडं उलटतं. 1.99 डॉलरच्या वर्गणीत ते ठरावीक 30 सेंटच जड होतात: वेबवर हाती 1.63, तर 15 टक्के कापून ॲपमधून 1.69.