औषधाच्या चाचणीत सहभागी व्हा म्हणाले, तर आधी हे समजून घ्या

‘नव्या लशीची चाचणी आहे, बाळाला त्यात घेऊ का?’ असं विचारायला दवाखान्याची माणसं घरी आली, तर बहुतेकांना वाटतं, चला, बाळाला नवी लस फुकटात मिळणार. पण ती मिळेलच असं नाही. मिळाली की नाही, हेही चाचणी संपेपर्यंत कळत नाही. सही करण्याआधी हे नीट समजलं पाहिजे.

लहान बाळांच्या जुलाबावरच्या ‘रोटाव्हॅक’ या भारतीय लशीचं उदाहरण घेऊ. आज ती सरकारी लसीकरणात तोंडावाटे थेंबांनी दिली जाते. त्याआधी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू (ता. शिरूर) या भागांत तिची मोठी चाचणी झाली. त्यात ६,७९९ बाळं होती. ४,५३२ बाळांना खरी लस मिळाली. उरलेल्या २,२६७ बाळांना दिसायला तसाच, पण लस नसलेला डोस मिळाला. अशा बिनऔषधी डोसाला ‘प्लासिबो’ म्हणतात.

कुणाला काय, हे कोण ठरवतं?

कुणीच नाही. संगणकानं काढलेल्या चिठ्ठीवर ते ठरतं. या चाचणीत दर तीन बाळांमागे दोघांना लस आणि एकाला प्लासिबो, असं प्रमाण होतं.

डॉक्टरनं स्वतः निवडलं तर काय बिघडतं? समजा, नवं बियाणं विहिरीजवळच्या काळ्या रानात पेरलं आणि जुनं मुरमाड माळावर. नव्याला उतारा जास्त आला, तर तो बियाण्याचा की रानाचा, हे सांगता येणार नाही. तसंच सुदृढ बाळांना लस आणि अशक्त बाळांना प्लासिबो गेला, तर हिशोब खोटा निघेल. चिठ्ठीमुळे दोन्ही गटांत सगळ्या तऱ्हेची बाळं येतात. म्हणून ओळखीनं किंवा गळ घालून ‘आमच्या बाळाला खरीच द्या’ असं होत नाही.

लपवून का ठेवतात?

बाळाला लस मिळाली हे आईला कळलं, तर एखाद-दुसऱ्या जुलाबाकडे ती काणाडोळा करील. प्लासिबो मिळाल्याचं कळलं, तर लगेच दवाखाना गाठील. डॉक्टरची नजरही अशीच बदलू शकते. म्हणून डोसावर फक्त क्रमांक असतो आणि आई-बाप, तपासणारा डॉक्टर दोघांनाही आत काय आहे ते माहीत नसतं. मात्र बाळाची तब्येत गंभीर झाली आणि उपचारासाठी ते कळणं गरजेचं असलं, तर तेवढ्या बाळापुरता क्रमांक उघडता येतो.

मग प्लासिबो म्हणजे फसवणूक का?

तो मिळू शकतो हे आधी सांगितलं असेल, तर नाही. रोटाव्हॅकच्या चाचणीत रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जोराच्या जुलाबाच्या घटना लशीच्या गटात ७१ आणि प्लासिबोच्या गटात ७६ झाल्या. वरवर आकडे सारखेच वाटतात. पण लशीच्या गटात बाळं दुप्पट होती. हजार बाळांमागे पाहिलं, तर लशीच्या गटात सुमारे १६ आणि प्लासिबोच्या गटात सुमारे ३४ घटना होतात. म्हणजे लशीमुळे असे जुलाब निम्म्याहून थोडे जास्त घटले. दुसरा गट नसता, तर नुसत्या ७१ वरून काहीच कळलं नसतं.

त्याच आकड्यांतून हेही दिसतं की लस मिळालेल्या बाळांनाही जुलाब झाले. त्यामुळे कोणत्याही गटातलं बाळ आजारी पडलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. आणि ज्या आजारावर खात्रीचं औषध आहे, त्याच्या रोग्याला ते बंद करून नुसत्या प्लासिबोवर ठेवणं योग्य नाही. कुणी ‘चालू गोळ्या बंद करा’ म्हणालं, तर आधी कारण विचारा.

सही करण्याआधी

संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत मागा. वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. प्लासिबो मिळण्याची शक्यता किती, चाचणी किती दिवस चालणार, शेवटी आपल्याला काय मिळालं ते सांगणार का, आणि प्लासिबोवाल्यांना नंतर खरी लस देणार का, हे चार प्रश्न विचारा. रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या. चाचणीमुळे इजा झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार उपचार मोफत मिळतात. चाचणीची नोंद ctri.nic.in या सरकारी साइटवर मोबाईलवरही पाहता येते.

‘विचार करून सांगतो’ म्हणायला हरकत नाही. नाही म्हटलं किंवा मधेच बाहेर पडलं, तरी नेहमीचे उपचार आणि सरकारी लसी कुणी अडवू शकत नाही.