जोडीचा हिशेब

स्टीफन करीला अडवायला दोघे धावले की तो चेंडू ड्रेमंड ग्रीनकडे देतो आणि पुढे चारांसमोर तीनच बचावपटू उरतात. गोल्डन स्टेट वॉरियर्सची ही जोडी डोळ्यांना दिसते. पण आकड्यांत कशी पकडायची?

खेळाच्या वेळेचे चार भाग करायचे: दोघे मैदानात, फक्त करी, फक्त ग्रीन, दोघेही बाकावर. प्रत्येक भागात दर शंभर चढायांमागे संघाची आघाडी मोजायची. समजा, ती अनुक्रमे +१२, +५, −२ आणि −४ आली. म्हणजे एकट्या करीमुळे ९ गुण वाढतात, एकट्या ग्रीनमुळे २. नुसती बेरीज केली तर दोघे मिळून +७ व्हायला हवे होते. वरचे ५ जोडीचे.

गोम आहे ती ‘फक्त ग्रीन’ या भागात. प्रशिक्षक दोघांना बहुधा एकत्रच खेळवतो, त्यामुळे तिथे चढाया कमी मिळतात; समजा, तीनशेच मिळाल्या. त्यांत तीन गुणांचे तीनच फटके जास्त पडले, तर −२ चे +१ होते आणि जोडीचे ५ गुण २ वर येतात. शिवाय त्या वेळी समोर बहुतेकदा प्रतिस्पर्ध्यांचे राखीव खेळाडू असतात. म्हणून मी आधी मिनिटे पाहतो, मग गुण.